रात्रवस्तीची एस. टी. आणि कामाचे तास

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे गाव लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे हे जन्मगाव. येथून रस्ता डोंगरांच्या कुशीत शिरतो आणि गडाच्या पायथ्याशी पाचाडला पोहोचतो. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या अशा आडवाटेच्या गावांचा शहराशी संबंध जोडतो तो एस. टी.मुळे, आणि त्यातही रात्रवस्तीच्या गाडीमुळे. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन आलेली गाडी गावातच मुक्काम करते आणि पहाटे विद्यार्थी, नोकरदार, बाजारकरू यांना घेऊन तालुक्याला परतते. गाडीबरोबर अर्थातच चालक आणि वाहकही गावातच मुक्काम करतात.

या मुक्कामाच्या रात्री चालक-वाहक कामावर असतात की नसतात? शेवटच्या थांब्यावर परतीच्या वेळेची वाट पाहत त्यांनी काढलेली पंचवीस मिनिटे कामाची की विश्रांतीची? आणि घरून आगारात येण्यासाठी मोडलेला तास कोणाच्या खात्यात धरायचा? वरवर पाहता हे प्रश्न किरकोळ वाटतात. परंतु आठ तासांची मर्यादा ओलांडली गेली किंवा नाही, अतिकालिक भत्ता द्यायचा किंवा नाही आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घाटरस्त्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाला पुरेशी झोप मिळाली किंवा नाही, हे सारे या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. प्रवासाचा वेळ, प्रतीक्षेचा वेळ आणि हाकेसरशी हजर राहण्याचा वेळ हे कामगार कायद्यातले तिन्ही वादाचे मुद्दे एस. टी.च्या एकाच कामगिरीत एकामागून एक येतात. म्हणूनच त्यांचा उलगडा करण्यासाठी हे उदाहरण सोयीचे आहे.

कायदा काय म्हणतो?

कारखान्यातल्या कामगाराचे तास मोजणे तुलनेने सोपे असते. भोंगा झाला की काम सुरू होते आणि भोंगा झाला की संपते. वाहन चालवणाऱ्याचे तसे नाही. त्याचे काम सलग नसते. गाडी धावते, थांबते, पुन्हा धावते. थांबलेल्या वेळात कधी तो खरोखर मोकळा असतो, तर कधी हिशेब लिहीत असतो, आणि कधी काहीच न करता गाडीपाशी अडकून पडलेला असतो. हे ओळखून संसदेने १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यातल्या ‘कामाचे तास’ या व्याख्येचा साचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३९च्या रस्ते वाहतुकीविषयीच्या करारात आधीच तयार झाला होता.

या व्याख्येचा गाभा असा : ज्या वेळात कामगार मालकाच्या दिमतीला असतो, तो वेळ कामाचा. यात तीन गोष्टी नावानिशी समाविष्ट केल्या आहेत. पहिली, गाडी धावत असतानाच्या काळात केलेले काम. दुसरी, आनुषंगिक काम. तिसरी, शेवटच्या थांब्यावरची पंधरा मिनिटांपेक्षा कमी अशी निव्वळ उपस्थिती. चालक-वाहकांच्या दृष्टीने दुसरी आणि तिसरी बाब फार महत्त्वाची आहे, कारण वेळापत्रकात गाडीच्या सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा दिसतात. या दोन बाबी दिसत नाहीत.

आनुषंगिक काम म्हणजे गाडी धावत नसताना गाडी, प्रवासी किंवा सामान यांच्या संबंधात केलेले काम. हिशेब करणे, रोकड भरणे, नोंदवहीत सही करणे, तिकिटांची तपासणी, गाडी ताब्यात घेणे आणि जागेवर लावणे, तिची देखभाल, सामानाची चढउतार या सगळ्यांचा उल्लेख कायद्यात आहे. आगारात गाडी सुटण्यापूर्वी वाहक तिकीट यंत्र आणि वे-बिल ताब्यात घेतो, चालक गाडी तपासतो. रात्री परतल्यावर वाहक पैशांचा मेळ घालतो. यांतले एकही मिनिट प्रवाशाला दिसत नाही, तरी ते कामाचेच आहे.

हा १९६१चा कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या आणि त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने त्याची जागा घेतली. तथापि मोटार वाहतूक कामगारांसाठीचे तीन घटक, म्हणजे धावण्याचा काळ, आनुषंगिक काम आणि पंधरा मिनिटांच्या आतली उपस्थिती, संहितेने कायम ठेवले आहेत. दिवसाला आठ तासांची मर्यादाही कायम आहे आणि जादा कामाला दुप्पट दराने वेतन हेही कायम आहे. जुन्या कायद्यात विश्रांतीचे आणि कामाच्या एकूण पसाऱ्याचे आकडे कायद्यातच लिहिलेले होते. संहितेने मधल्या सुट्ट्या आणि पसारा ठरवण्याचे काम सरकारच्या अधिसूचनेवर सोपवले आहे. त्यामुळे पुढील विवेचनात १९६१च्या कायद्यातले आकडे मोजमापाची पट्टी म्हणून वापरले आहेत.

घर ते आगार

सर्वप्रथम प्रवासाचा विचार करू. नात्यात राहणारा एखादा वाहक दुपारी बाराच्या कामगिरीसाठी सकाळी अकरा वाजता घरातून निघतो आणि महाड आगारात पोहोचतो. हा वेळ कामाच्या तासांत धरला जात नाही. कामगाराने कोठे राहावे हे मालक ठरवत नाही आणि त्या तासात तो मालकाच्या दिमतीला नसतो, अशी त्यामागची भूमिका आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणाऱ्या कामगारालाही हेच लागू होते.

पण आगारात सही केल्यावर चित्र पालटते. समजा, महाड आगारात हजेरी लावल्यानंतर त्या वाहकाला सांगितले की, तुमची गाडी पोलादपूरला उभी आहे, दुसऱ्या एस. टी.ने तेथे जा आणि ती ताब्यात घ्या. हा प्रवास तो गाडीत इतर प्रवाशांसारखा बसून करील, कदाचित डुलकीही काढील. तरीही तो कामाचा वेळ आहे. हजेरीच्या जागेपासून गाडी ताब्यात घेण्याच्या जागेपर्यंतचा प्रवास आणि गाडी सोडल्यापासून हजेरीच्या जागेवर परतण्याचा प्रवास हा कायद्याने आनुषंगिक कामात स्पष्टपणे घातला आहे. याउलट त्याच वाहकाची हजेरी थेट पोलादपूरलाच लावायची असे ठरले, तर तेवढाच प्रवास त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होतो. सारांश, किती किलोमीटर प्रवास केला याला महत्त्व नाही. सही कोठे झाली याला आहे. म्हणूनच हजेरीचे ठिकाण बदलण्याचा आदेश हा वरकरणी प्रशासकीय वाटला, तरी तो कामगाराच्या रोजच्या वेळेवर परिणाम करणारा आदेश असतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कामावर जाता-येताना झालेल्या अपघाताची भरपाई मिळू शकते, म्हणजे तो वेळ कामाचाच झाला, असे अनेकांना वाटते. या गोंधळाचे मूळ मुंबईतल्या एका जुन्या खटल्यात सापडते. जुलै १९५७ मध्ये बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरी आगारातले काम संपवून सांताक्रूझला घरी जाण्यासाठी बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. ती बस अंधेरीजवळ उभ्या असलेल्या लॉरीवर आदळली आणि त्यात त्याचा मृत्यू ओढवला. त्याच्या पत्नीचा भरपाईचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे १९६३ मध्ये न्यायालयाने बहुमताने तिच्या बाजूने निकाल दिला. बसचालकांना बेस्टच्या बसमधून मोफत प्रवासाची मुभा होती आणि ती केवळ सवलत नव्हती. शहरभर पसरलेली ही सेवा वेळेवर आणि कार्यक्षमतेने चालावी यासाठीच ती दिलेली होती, असे न्यायालयाने मानले. त्यामुळे हा अपघात नोकरीच्या ओघात घडला असे ठरले.

गेल्या वर्षीही अशाच स्वरूपाचा निकाल लागला. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला असता वाटेत अपघातात दगावला. त्याच्या कुटुंबाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्णय दिला. घरून कामावर जातानाचा अपघातही, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर, भरपाईस पात्र ठरतो असे न्यायालयाने सांगितले. कुटुंबाला त्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले.

परंतु या निकालांचा अर्थ मर्यादित आहे. अपघाताची जोखीम कोणी सोसायची, हा एक प्रश्न. आठ तास कोठून मोजायचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर न्यायालये नोकरीची कक्षा आगाराच्या फाटकाबाहेर ताणायला तयार असतात. दुसऱ्या प्रश्नावर ती तशी ताणलेली नाही. बेस्टच्या त्या चालकाच्या वारसांना भरपाई मिळाली. पण तो जिवंत घरी पोहोचला असता तर त्या प्रवासाचे वेतन त्याला मिळाले नसते.

थांब्यावरची पंचवीस मिनिटे

आता प्रतीक्षेकडे वळू. गाडी शेवटच्या थांब्यावर पोहोचली आणि परतीची वेळ दहा मिनिटांनी आहे. ही दहा मिनिटे कामाची, याबद्दल वाद नाही. पंधरा मिनिटांपेक्षा कमी अवधीत माणूस मोकळा होऊ शकत नाही, हे कायद्याने गृहीतच धरले आहे.

थांबा पंचवीस मिनिटांचा असला की मात्र प्रश्न गुंतागुंतीचा होतो. पंधरा मिनिटांच्या वर गेले की निव्वळ उपस्थिती आपोआप कामात मोजली जात नाही. पण ती आपोआप विश्रांतीही होत नाही. गाडी थांबलेली असताना त्या थांबण्याचा वेळ धावण्याच्या काळातून वगळायचा असेल, तर दोन अटी आहेत. थांबण्याचा अवधी नियमांनी ठरवलेल्या मुदतीपेक्षा जास्त हवा, आणि त्या अवधीत कामगार आपला वेळ स्वतःच्या मर्जीने घालवायला मोकळा हवा. त्या वेळात तो आनुषंगिक काम करत असेल तर तो वेळ धावण्याच्या काळातून वगळला जातो खरा, पण आनुषंगिक काम म्हणून पुन्हा कामाच्या तासांत येतो.

म्हणजे खरी कसोटी मिनिटांची नसून मोकळीकीची आहे. थांब्यावर चालक गाडीला कुलूप लावून चहाला गेला, पारावर आडवा झाला, तर तो मोकळा. प्रवासी आधीच गाडीत चढू लागले आहेत, वाहक तिकिटे फाडतो आहे, चालकाला गाडी सोडून हलता येत नाही, तर तो मोकळा नाही. कशेडी घाटात गाडी बंद पडली आणि मदत येईपर्यंत चालक-वाहक दोन तास प्रवाशांसह रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तर त्या दोन तासांत चाके फिरली नाहीत म्हणून त्यांना विश्रांती मिळाली असे कोणी म्हणणार नाही. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर वाहतूक खोळंबते, तेव्हा कोंडीत गेलेला वेळ तर सरळ धावण्याच्या काळाचाच भाग असतो.

या कसोटीला एक पळवाटही आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ९१ने राज्य सरकारला एक अधिकार दिला आहे. चालक काम करत नसला, तरी त्याला गाडीत किंवा गाडीजवळ थांबणे भाग आहे, असा वेळही विशिष्ट परिस्थितीत विश्रांतीचा मानला जाईल, असे नियम सरकार करू शकते. म्हणजे ‘गाडीजवळ थांबलो म्हणून कामावर होतो’ हा युक्तिवाद प्रत्येक वेळी टिकेलच असे नाही. म्हणून वादाच्या वेळी नुसते ‘थांबलो’ असे म्हणण्यापेक्षा त्या वेळात नेमके काय केले हे सांगता आणि दाखवता येणे निर्णायक ठरते.

एका दिवसाचा हिशेब

हे सारे आकड्यांत कसे उतरते, ते एका कल्पित कामगिरीवरून पाहू. ही कोणत्याही आगाराची प्रत्यक्ष कामगिरी नव्हे. केवळ हिशेब समजण्यासाठी रचलेली आहे.

वाहक दुपारी १२ वाजता आगारात सही करतो. १२.२० वाजता गाडी सुटते, ६५ मिनिटांत गावाला पोहोचते, १० मिनिटे थांबते आणि ६५ मिनिटांत परत येते. तेव्हा २.४० वाजलेले असतात. आगारात ५० मिनिटांचा खंड आहे. ३.३० वाजता दुसरी फेरी निघते. जायला ७५ मिनिटे, तेथे २५ मिनिटांचा थांबा, यायला ७५ मिनिटे; म्हणजे सायंकाळचे ६.२५. पुन्हा आगारात ३५ मिनिटे. ७ वाजता शेवटची फेरी वस्तीच्या गावाकडे निघते आणि ८.२० वाजता पोहोचते. त्यानंतर गाडी लावणे, झाडून घेणे आणि पैशांचा मेळ यांत २० मिनिटे जातात. काम संपते ८.४० वाजता.

सहीपासून शेवटापर्यंत ८ तास ४० मिनिटे झाली. यालाच कामगारांच्या भाषेत ‘स्प्रेड ओव्हर’ म्हणतात. १९६१च्या कायद्यात तो विश्रांतीसह १२ तासांपेक्षा जास्त असता कामा नये असे होते. त्या दृष्टीने येथे काहीच वावगे नाही.

आता कामाचे तास. फेऱ्यांचा वेळ, सुरुवातीची आणि शेवटची प्रत्येकी २० मिनिटे आणि दहा मिनिटांचा छोटा थांबा हे निर्विवाद काम आहे. त्यांची बेरीज ६ तास ५० मिनिटे होते. उरतात ते तीन खंड : ५०, २५ आणि ३५ मिनिटांचे. तिन्ही खंडांत वाहक खरोखर मोकळा असेल, तर दिवसाचे काम ६ तास ५० मिनिटेच. ५० मिनिटांत तो निवांत जेवला, पण थांब्यावरच्या २५ मिनिटांत तिकिटे दिली आणि संध्याकाळच्या ३५ मिनिटांत त्याला चौकशी खिडकीवर बसवले, तर काम ७ तास ५० मिनिटांवर जाते. अजूनही आठच्या आत. पण दुपारच्या ५० मिनिटांतही गाडीतला बिघाड दाखवण्यासाठी तो कार्यशाळेत चालकासोबत उभा राहिला असेल, तर काम थेट ८ तास ४० मिनिटे होते.

तेव्हा दोन गोष्टी एकदम बिघडतात. ४० मिनिटे आठ तासांच्या वर जातात. ज्याचे वेतन आठ तासांना १,२०० रुपये पडते असे धरले, त्याच्या बाबतीत तासाला १५० रुपये होतात. ४० मिनिटांचे १०० आणि दुपटीने २०० रुपये. महिन्यात अशा वीस कामगिऱ्या झाल्या, तर चार हजार रुपयांचा फरक पडतो. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी, हा दंडक या कामगिरीत त्या ५० मिनिटांच्या आधारे पाळला जात होता. ती विश्रांती कामात गेली की, कागदावर सुट्टी आणि प्रत्यक्षात सलग पावणेनऊ तासांची धावपळ असे चित्र उभे राहते.

रात्र कोणाची?

शेवटचा प्रश्न वस्तीच्या रात्रीचा. गाडी गावात उभी आहे. चालक-वाहक गाडीतच, किंवा ग्रामपंचायतीने, शाळेने वा एखाद्या गावकऱ्याने दिलेल्या खोलीत झोपले आहेत. त्यांना घरी जाता येत नाही. दुसरी गाडी नाही आणि पहाटे येथूनच निघायचे आहे. तरी झोपेचा हा वेळ सामान्यतः कामाच्या तासांत धरला जात नाही. घराबाहेर राहावे लागण्याची भरपाई म्हणून रात्रवस्ती भत्ता दिला जातो. तो गैरसोयीचा मोबदला असतो, तासांचे वेतन नव्हे.

युरोपात या प्रश्नाने वेगळे वळण घेतले. रुग्णालयातच रात्र काढणाऱ्या डॉक्टरांचा संपूर्ण वेळ, त्यांना झोप मिळाली तरी, कामाचा मानावा असे युरोपीय न्यायालयाने २००० आणि २००३ सालच्या निकालांत सांगितले. २०१८ मध्ये बेल्जियममधल्या एका अग्निशामकाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. तो घरी होता, परंतु बोलावणे आल्यापासून आठ मिनिटांत केंद्रावर पोहोचणे त्याला बंधनकारक होते. इतक्या आखडलेल्या वेळेमुळे त्याला स्वतःचे आयुष्य जगण्याची संधीच उरत नाही, म्हणून तो वेळ कामाचा ठरला. अमेरिकेत १९४४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने, रात्री आग लागल्यास धावून जाण्यासाठी कारखान्यात थांबणाऱ्या कामगारांच्या प्रकरणात, वाट पाहणे हेसुद्धा काम असू शकते, मात्र प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती पाहूनच ते ठरवावे लागेल, असे म्हटले होते.

ही कसोटी वस्तीच्या गाडीला लावली, तर उत्तर रात्री त्यांच्यावर कोणते बंधन आहे यावर अवलंबून राहते. गाडीला कुलूप लावून ते शांत झोपत असतील, तर ती विश्रांती. परंतु गाडीचे, डिझेलचे किंवा रोकडीचे राखण करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली असेल आणि त्यासाठी आळीपाळीने जागे राहणे अपेक्षित असेल, तर त्या वेळाला विश्रांती म्हणणे कठीण आहे. त्या राखणीसाठी ते मालकाच्या दिमतीलाच असतात.

आणि विश्रांती जरी मानली, तरी ती पुरेशी आहे का, हा प्रश्न उरतोच. १९६१च्या कायद्याने एका दिवसाची कामगिरी संपणे आणि दुसऱ्या दिवसाची सुरू होणे यांत सलग नऊ तासांची विश्रांती सांगितली होती. आपल्या कल्पित कामगिरीत गाडी रात्री ८.२० वाजता पोहोचते आणि सकाळी ५.४५ वाजता सुटते. वेळापत्रक पाहणाऱ्याला मध्ये ९ तास २५ मिनिटे दिसतात; नियम पाळला गेला असे त्याला वाटेल. परंतु काम गाडी पोहोचल्यावर संपत नाही, ते ८.४० वाजता संपते. सकाळीही ५.४५ला गाडी सुटायची, तर चालकाने ५.३० वाजता ती सुरू करून तपासलेली असते. प्रत्यक्ष विश्रांती ८ तास ५० मिनिटे. दहा मिनिटांनी नियम मोडला गेला आणि तो मोडल्याचे वेळापत्रकात कोठेच दिसत नाही. त्यातही जेवण आणि अंथरुण-पांघरुणाची सोय यांत तास-दीड तास गेला, तर झोप उरते सात तासांच्या आसपास, आणि तीही पहाटेच्या धुक्यात वळणावळणाचा रस्ता समोर असताना.

पडताळा कसा घ्यावा?

अशा वादात बाजू मांडायची असेल, तर वेळापत्रक पुरेसे नाही, हे आता स्पष्ट झाले असेल. उपयोगी पडतात त्या प्रत्यक्ष वेळांच्या नोंदी. हजेरीची सही केव्हा झाली, लॉगशीटवर गाडी सुटण्या-पोहोचण्याची वेळ काय आहे, तिकीट यंत्रातले पहिले आणि शेवटचे तिकीट किती वाजता निघाले, रोकड भरल्याची पावती कोणत्या वेळेची आहे, या नोंदी एकमेकींशी जुळवल्या की खंडातला वेळ मोकळा होता की नाही याचा अंदाज येतो. ४.४५ ते ५.१० या थांब्याच्या वेळात यंत्रातून सोळा तिकिटे निघाली असतील, तर त्या वेळात वाहक पारावर विसावला होता असे म्हणता येणार नाही. याउलट त्या वेळातले एकही तिकीट नसेल, कार्यशाळेची नोंद नसेल, तर केवळ तोंडी सांगण्यावरून दावा टिकवणे अवघड जाते. चालकाच्या बाबतीत हा पुरावा आणखी विरळ असतो, कारण तिकीट यंत्र त्याच्या हाती नसते. त्याने बिघाडाची नोंद लेखी केली असेल तर तीच त्याच्या कामी येते.

नोंद त्याच दिवशी, कामगिरीच्या कागदावरच करणे श्रेयस्कर. ‘खंडात कार्यशाळेत उपस्थित’ अशी एक ओळ आणि वेळ पुरेशी असते. कमी वेतन मिळाल्याचा दावा वेतन संहितेखाली तीन वर्षांच्या आत करता येतो; पण तीन वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी आपण नेमके कोठे होतो हे स्मरणावर विसंबून सिद्ध करता येत नाही.

नव्या व्यवस्थेत मधल्या विश्रांतीचे आणि पसाऱ्याचे आकडे अधिसूचनेने ठरणार आहेत. त्या ठरताना आठ तासांच्या आकड्याकडे सर्वांचे लक्ष असते. खंड, थांबा आणि वस्ती यांच्या व्याख्येकडे मात्र फारसे कोणाचे जात नाही. वास्तविक आठ तासांचा आकडा कायम ठेवूनही कामाचा दिवस लांबवता येतो. त्यासाठी मधल्या कोणत्या वेळाला विश्रांती म्हणायचे, एवढेच बदलावे लागते. गावकऱ्यांना पहाटेची गाडी हवी आहे आणि ती मिळालीच पाहिजे. ती सुरक्षितपणे यावी यासाठी वस्तीची वेळ गाडीच्या वेळापत्रकावरून न मोजता, माणसाचे काम केव्हा संपले आणि पुन्हा केव्हा सुरू झाले यावरून मोजली जाणे आवश्यक आहे.